स्वर गेला, सूर उरला

1875 साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे एका पश्चिम आफ्रिकी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. लेखक होते योहान गॉटलीब क्रिस्टालर. ज्या बासेल मिशनच्या हेर्मान गुंडर्ट यांनी 1872 मध्ये मल्याळम शब्दकोश सिद्ध केला आणि फेर्डिनांड किट्टेल यांनी 1894 मध्ये कन्नड शब्दकोश, त्याच मिशनचे ते मिशनरी. त्यांचे कार्यक्षेत्र मात्र मंगळूर किंवा धारवाड नव्हते, तर आजच्या घानाचा प्रदेश होता. तेथील आकान लोकांची भाषा 'ट्वी' ते अनेक वर्षे ऐकत होते. मल्याळम वा कन्नड लिहिताना न पडणारा एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. ट्वीमध्ये शब्दाचा अर्थ केवळ अक्षरांवर ठरत नाही. ते अक्षर कोणत्या उंचीच्या सुरात उच्चारले जाते, यावरही ठरतो. मग अशा उंच्या किती मानायच्या?

क्रिस्टालर यांच्या कानाने तीन उंच्या टिपल्या: उच्च, मध्यम आणि नीच. पण त्यांतील 'मध्यम' सुराचे वागणे विचित्र होते. तो वाक्याच्या आरंभी येत नसे. नीच सुराच्या लगेच पुढेही येत नसे. तो येई फक्त उच्च सुरानंतर, आणि एकदा आला की त्याच्या पुढचा उच्च सूर पूर्वीच्या उंचीवर परत जात नसे. स्वतंत्र सूर म्हणावा, तर त्याला इतकी बंधने का? आणि तो उच्च सुराचाच एक अवतार म्हणावा, तर मध्येच एक पायरी खाली कशाने येतो? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला पुढची शंभर वर्षे जावी लागली, आणि ते मिळवताना ध्वनिविचाराच्या शास्त्राला आपला एक मूलभूत समज सोडावा लागला.

सुरांनी अर्थभेद करणाऱ्या भाषा दोन तऱ्हांच्या असतात, हे 1948 मध्ये केनेथ पाइक यांनी 'टोन लँग्वेजेस' या ग्रंथात मांडले. चिनीसारख्या भाषांत सुराचा आकार महत्त्वाचा असतो: चढता, उतरता, वळणारा. दुसऱ्या तऱ्हेच्या भाषांत सपाट पातळ्या महत्त्वाच्या असतात. पाइक यांनी त्यांना 'रजिस्टर' भाषा म्हटले. आफ्रिकेतील बहुसंख्य सुरभाषा या दुसऱ्या गटातल्या. मात्र पातळी म्हणजे ठरावीक कंपनसंख्या नव्हे. लहान मुलीचा नीच सूर आजोबांच्या उच्च सुरापेक्षा वर असू शकतो. पातळी ठरते ती शेजारच्या अक्षराच्या तुलनेत.

आणि इथेच ट्वीसारख्या भाषांत आणखी एक गुंता होतो. उच्च–नीच–उच्च अशा क्रमाने तीन अक्षरे आली, तर तिसरे अक्षर उच्च असूनही पहिल्याहून थोडे खाली राहते. पुन्हा नीच आले की त्यापुढचा उच्च आणखी खाली. लांब वाक्याच्या शेवटचा उच्च सूर वाक्यारंभीच्या नीच सुराइतकाही उतरू शकतो. डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या शेतीसारखे हे चित्र आहे. प्रत्येक वाफा सपाट असतो, पण पुढचा वाफा मागच्यापेक्षा खालीच. विल्यम वेल्मर्स यांनी 1959 मध्ये अशा भाषांना 'टेरेस्ड', म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या, भाषा असे नाव दिले.

गाणे ऐकणाऱ्याला हे सहज उमगेल. गायक मध्येच बेसूर होत नाही, त्याची पट्टीच खाली येते. षड्ज एक पायरी उतरला की त्याच्याबरोबर पंचमही उतरतो, पण पंचम पंचमच राहतो. ट्वीमधील नीच सूर आपल्या पुढच्या साऱ्या बोलण्याची पट्टी उतरवतो. त्यानंतरचा उच्च सूर उच्चच असतो, फक्त नव्या पट्टीतला.

पट्टी उतरण्याचे कारण इथे कानाला ऐकू येते, कारण मध्ये नीच सूर उभा आहे. क्रिस्टालर यांच्या 'मध्यम' सुराचे कोडे असे की तिथे पट्टी उतरते, पण मध्ये काहीच ऐकू येत नाही. दोन उच्च अक्षरे एकमेकांना खेटून, आणि तरी दुसरे एक पायरी खाली. विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत या घटनेला 'डाउनस्टेप' हे नाव रूढ झाले. आपण तिला 'पायरी-उतार' म्हणू.

1965 मध्ये घानातील लेगॉन येथून जॉन स्ट्युअर्ट यांचा ट्वीच्या सुरव्यवस्थेवरील निबंध प्रसिद्ध झाला. ऐकू येणाऱ्या नीच सुरामुळे होणारा उतार त्यांनी 'स्वयंचलित' म्हटला, आणि कारण न दिसणारा तो 'अस्वयंचलित'. पण त्यांचे खरे म्हणणे असे होते की दोन्ही उतार मुळात एकच आहेत. दुसऱ्या प्रकारातही नीच सूर असतोच, तो फक्त दृष्टीआड झालेला असतो.

हे एका साध्या उदाहरणात पाहता येते. ट्वीमध्ये 'ऑबो' म्हणजे दगड. यातले 'ऑ' हे उपसर्गाचे अक्षर नीच सुराचे आणि 'बो' उच्च सुराचे. 'माझा' या अर्थाचा 'मे' हा शब्द इथे उच्च सुराचा. दोन्ही एकत्र आले की सुरांचा क्रम उच्च–नीच–उच्च असा व्हायला हवा. पण स्वराला स्वर भिडल्यामुळे 'ऑ' गळून पडतो आणि उरते 'मे बो'. दोन अक्षरे, दोन्ही उच्च. तरीही बोलणारा 'बो' हे अक्षर 'मे'पेक्षा एक पायरी खाली उच्चारतो. 'ऑ' गेला, पण त्याने करायचे काम होऊन गेले. त्याच्या जागी कानाला एक पायरी तेवढी ऐकू येते.

'मध्यम' सुराची सारी बंधने आता उलगडतात. तो आरंभी येत नाही, कारण तुलनेला मागे दुसरा उच्च सूर नसतो. नीच सुरानंतर तो वेगळा ऐकू येत नाही, कारण तिथे उतार आधीच झालेला असतो. आणि पुढचे उच्च सूर वर परतत नाहीत, कारण एक अक्षर नव्हे, पट्टीच उतरलेली असते.

क्षेत्रात काम करणाऱ्या अभ्यासकाला यातूनच एक कसोटी मिळते. उच्च सुरानंतर किंचित खालचे अक्षर ऐकू आले, तर त्यापुढे आणखी एक उच्च सुराचा शब्द ठेवून पाहावा. सूर पुन्हा पहिल्या उंचीवर चढला, तर मधले अक्षर खऱ्या मध्यम सुराचे, जसे योरुबा भाषेत असते. तो चढलाच नाही आणि खालच्या वाफ्यावरच राहिला, तर तो पायरी-उतार. दुसरी खबरदारी अशी की कोणत्याही माणसाचा आवाज वाक्याच्या शेवटाकडे श्वासाबरोबर थोडा उतरतोच. म्हणून केवळ उच्च सुरांचे एक तितकेच लांब वाक्यही म्हणवून घ्यावे लागते. त्यात आवाज हळूहळू घसरतो, आणि पायरी-उताराच्या जागी तो एकदम तुटतो. हा फरक न ओळखल्यास व्याकरणकार दोनच सूर असलेल्या भाषेला तीन, चार, पाच सूर बहाल करतो. एका वाक्यात चार पायऱ्या आल्या, तर प्रत्येकीसाठी नवा सूर मानावा लागेल आणि मोजणी कुठे थांबवावी हे कळणार नाही.

स्ट्युअर्ट यांचे उत्तर पटण्यासारखे होते, पण त्या काळच्या सिद्धान्तात ते बसवणे अवघड होते. 1968 मध्ये नोम चॉम्स्की आणि मॉरिस हाले यांचा 'द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश' हा ग्रंथ आला. त्यात प्रत्येक ध्वनी म्हणजे गुणधर्मांचा एक गठ्ठा असतो: घोष की अघोष, ओष्ठ्य की दंत्य, वगैरे. सुराचा विचार याच पद्धतीने केला, तर तोही स्वराच्या गठ्ठ्यातला आणखी एक गुणधर्म ठरतो. मग स्वर गळला की गठ्ठा गळला, आणि गठ्ठ्याबरोबर सूरही.

ट्वीपुरती यावर एक तोड होती. नियमांचा क्रम लावायचा: आधी नीच सुरामुळे पुढचा उच्च सूर उतरवायचा, आणि मग स्वर गाळायचा. 'मे बो' बरोबर येते. पण या तोडीला मर्यादा आहे. तिला आधी गाळण्यासाठी एक स्वर लागतो.

मालीमधील बांबारा भाषेत तो नाही. या भाषेत 'बा' म्हणजे नदी, उच्च सुरात, आणि 'ते' म्हणजे 'नव्हे', तेही उच्च सुरात. 'बा ते' दोन्ही अक्षरे एकाच उंचीवर म्हटली की अर्थ होतो, 'ही नदी नव्हे', म्हणजे कुठलीच नदी नव्हे. तेच 'बा ते' दुसरे अक्षर एक पायरी उतरवून म्हटले की अर्थ होतो, 'ही ती नदी नव्हे', म्हणजे आपण बोलत होतो ती ठरावीक नदी नव्हे. इंग्रजी जे काम निश्चिततादर्शक उपपदाने करते, ते बांबारा एका पायरीने करते. पायरी आहे म्हणजे मध्ये नीच सूर असला पाहिजे. पण त्याला घेऊन येणारे व्यंजन नाही, स्वर नाही, काहीच नाही. ज्याच्यात एकही ध्वनी नाही असा हा शब्द आहे, आणि तो म्हणजे केवळ एक नीच सूर. गठ्ठ्याच्या सिद्धान्ताला इथे एक काल्पनिक स्वर मानावा लागतो, जो कधी कोणाच्या तोंडून निघत नाही आणि ज्याचे एकमेव कार्य गळून जाणे हे असते.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही जुना समज डळमळत होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एडविन विल्यम्स यांनी 1971 मध्ये नायजेरियातील मार्गी आणि इग्बो भाषांवर एक निबंध लिहिला. त्यात सूर अक्षरांपासून वेगळे ठेवून नंतर त्यांच्यावर बसवले होते. तो छापून यायला 1976 उजाडले. 1973 मध्ये विल्यम लेबेन यांनी त्याच संस्थेत सादर केलेल्या प्रबंधात सिएरा लिओनमधील मेंडे भाषेचा प्रश्न हाती घेतला. मेंडे ही बांबाराच्याच मांडे कुळातली भाषा.

मेंडेत सूर दोनच. तीन अक्षरांच्या शब्दावर दोन सूर बसवण्याच्या रीती आठ होतात. लेबेन यांना बहुसंख्य शब्दांत मात्र पाचच चाली दिसल्या, आणि त्याच पाच चाली एक, दोन किंवा तीन अक्षरांच्या शब्दांतही दिसल्या. म्हणजे चाल अक्षरांच्या संख्येवर अवलंबून नव्हती. ती शब्दाची स्वतंत्र मालमत्ता होती. तीन अक्षरांचा 'हावामा', म्हणजे कंबर, सगळाच उच्च, कारण त्याची चाल केवळ 'उच्च' एवढीच आहे आणि तो एक सूर तिन्ही अक्षरांवर पसरतो. 'न्गिला', म्हणजे कुत्रा, याची चाल उच्च–नीच. दोन अक्षरे, दोन सूर, हिशेब चुकता. 'फेलामा', म्हणजे रस्त्यांचा तिठा, याचीही चाल उच्च–नीच, पण अक्षरे तीन. पहिले अक्षर उच्च घेते, दुसरे नीच, आणि तिसऱ्यासाठी सूर उरत नाही. तेव्हा दुसऱ्याचा नीच सूरच तिसऱ्यावर पसरतो. 'म्बू', म्हणजे घुबड, याची चालही तीच, पण अक्षर एकच. दोन्ही सूर त्या एका अक्षरावर येऊन दाटतात आणि कानाला उतरता सूर ऐकू येतो.

हे केवळ कागदावरचे जुळवणे नाही, हे शब्दाला प्रत्यय लावला की कळते. 'वर' या अर्थाचा 'मा' हा प्रत्यय स्वतःचा सूर आणत नाही. 'म्बू'ला तो लावला की घुबडाचा उतरता सूर नाहीसा होतो: 'म्बू' नुसता उच्च आणि 'मा' नीच. दाटीत सापडलेल्या नीच सुराला बसायला जागा मिळाली आणि तो पुढे सरकला. 'म्बा', म्हणजे तांदूळ, हा शब्द एरवी चढत्या सुराचा. 'मा' लागताच 'म्बा' नीच आणि 'मा' उच्च. उतरता किंवा चढता सूर ही मूळ वस्तू नव्हे, तो दोन सपाट सुरांचा एका जागी झालेला मुक्काम आहे.

जॉन गोल्डस्मिथ यांनी 1976 मध्ये एमआयटीत सादर केलेल्या 'ऑटोसेगमेंटल फोनॉलॉजी' या प्रबंधात हे धागे एकत्र विणले. त्यांच्या मांडणीत शब्द म्हणजे ध्वनींची एकच माळ नाही. व्यंजन-स्वरांचा एक थर असतो, सुरांचा दुसरा थर असतो, आणि दोन्हींना जोडणाऱ्या रेषा असतात. प्रत्येक थर स्वायत्त, म्हणून 'ऑटो'. डावीकडून उजवीकडे एका स्वराला एक सूर जोडत जायचे. स्वर उरले तर शेवटचा सूर पसरवायचा. आणि जोडणाऱ्या रेषांनी एकमेकींना कधीही छेदायचे नाही. या मांडणीत स्वर गाळला म्हणजे एका थरातली एक वस्तू पुसली, एवढेच. दुसऱ्या थरातील सूर जागेवरच राहतो, फक्त त्याची रेषा तुटते. तो 'तरंगता' होतो.

ट्वीतला 'ऑ' गेल्यावर उरलेला नीच सूर आणि बांबारातले ध्वनीविना उपपद ही आता एकाच जातीची उदाहरणे ठरतात. एकात सूर अनाथ झाला, दुसऱ्यात तो जन्मतःच एकटा आहे. दोन्हीकडे तो दोन उच्च सुरांमध्ये उभा आहे आणि पट्टी उतरवतो आहे. 1979 मध्ये निक क्लेमेंट्स आणि केव्हिन फोर्ड यांनी केनियातील किकुयू भाषेवरील निबंधात पायरी-उताराचा उगम अशा तरंगत्या सुरांतच शोधला. क्रिस्टालर यांचा तिसरा सूर मावळला. त्यांच्या कानाने टिपलेली नोंद अचूक होती, चुकले होते ते तिला दिलेले नाव.

इतिहास मात्र इथे सुबकपणे संपत नाही. मेंडेच्या पाच चालींना अपवाद निघाले. डेव्हिड ड्वायर यांनी 1978 मध्ये ते पुढे ठेवले. 'लेलेमा', म्हणजे प्रार्थनाकीटक, हा शब्द नीच–नीच–उच्च आहे. डावीकडून सूर जोडत गेल्यास तो नीच–उच्च–उच्च व्हायला हवा होता. जोडण्याची दिशा आणि रीत भाषेपरत्वे, कधी शब्दापरत्वेही, बदलते हे मान्य करावे लागले.

याहून मोठा धक्का टांझानियातील शांबा भाषेने दिला. तिचा अभ्यास डेव्हिड ऑडन यांनी केला. शांबात 'न्योका' म्हणजे साप. दोन अक्षरे, दोन्ही उच्च आणि एकाच उंचीवर. 'न्गोतो' म्हणजे मेंढी. हीही दोन अक्षरे, दोन्ही उच्च, पण दुसरे एक पायरी खाली. इथे गळलेला स्वर नाही आणि मध्ये नीच सूर तरंगत असल्याचा पुरावाही नाही. ऑडन यांचे स्पष्टीकरण असे की 'न्योका'मध्ये एकच उच्च सूर दोन स्वरांवर पसरला आहे, तर 'न्गोतो'मध्ये प्रत्येक स्वराला आपापला वेगळा उच्च सूर आहे. दोन वेगळे उच्च सूर शेजारी आले की शांबा त्यांच्यामध्ये पायरी घालते. सारखे दोन सूर शेजारी येऊच शकत नाहीत, हे लेबेन यांच्यापासून चालत आलेले तत्त्व त्यामुळे सार्वत्रिक राहिले नाही. पायरी-उताराचे कारण नेहमी नीच सूरच असते, हेही राहिले नाही.

पण या धक्क्यात थरांची मांडणी मोडली नाही, उलट अधिक गरजेची ठरली. गठ्ठ्याच्या सिद्धान्तात 'उच्च स्वर, उच्च स्वर' एवढेच लिहिता येते. साप आणि मेंढी यांत फरक दाखवायला जागाच नसते. एक सूर दोघांत वाटलेला आणि दोघांना दोन स्वतंत्र सूर, हा भेद व्यक्त करायला सूर आणि स्वर वेगळे मोजावेच लागतात. पसरणे आणि पायरी-उतार या दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी इथे एकमेकींचा पुरावा होतात: जिथे सूर पसरला तिथे पायरी नाही, जिथे पायरी आहे तिथे सूर दोन.

हा इतिहास आफ्रिकेत घडला, पण तो तिथेच अडकलेला नाही. ईशान्य भारतात, मणिपूर व आसपासच्या राज्यांत बोलल्या जाणाऱ्या कुकी-थाडो भाषेचा अभ्यास करताना लॅरी हायमन यांना सूर एका अक्षरावरून पुढच्यावर पसरताना आढळले. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी तिला आग्नेय आशियातील आफ्रिकी सुरव्यवस्था म्हटले. त्या परिसरातील भाषांचे सूर मोजताना प्रत्येक अक्षराला एक सूर आणि प्रत्येक उंचीला एक नाव, एवढा हिशेब पुरणार नाही. उच्च सुरानंतर किंचित खालचे अक्षर ऐकू आले, तर नवा सूर नोंदवण्याआधी त्यापुढे आणखी एक उच्च शब्द ठेवून पाहावा लागेल. आवाज परत वर चढतो की खालच्याच पट्टीत राहतो, यावर त्या भाषेत सूर दोन की तीन हे ठरेल.